ओळख पटली नाही, की परवानगी नाही?

एखादं पान उघडताना पडद्यावर कधी ४०१ हा आकडा दिसतो, तर कधी ४०३. वाचणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो: आपल्याला आत सोडत नाहीत. पण हे आकडे सर्व्हर पाठवतो ते आधी ब्राउझरला किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपला. पुढे काय करायचं, हे ते सॉफ्टवेअर त्या आकड्यावरून ठरवतं. त्यामुळे आकडा चुकला की सगळी पुढची वाट चुकते.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं जून २०२२ मध्ये ‘आरएफसी ९११०’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. या दोन उत्तरांचा अर्थ त्यात दिला आहे. ४०१ म्हणजे विनंतीसोबत ओळखीचा पुरावा आलेला नाही, किंवा आलेला पुरावा ग्राह्य नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण सर्व्हर ती पूर्ण करायला नकार देतो आहे. पुरावा दिलेला असेल, तर तेवढ्यानं हे काम करण्याचा हक्क मिळत नाही.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते एका कॉलेजच्या निकालाच्या अ‍ॅपवरून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीचे गुण `/marks/118` या पत्त्यावर आहेत. तिनं लॉगिन न करताच ते मागितले, तर मागणारी कोण हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. उत्तर ४०१. अ‍ॅप तिला लॉगिनच्या पानावर नेतं. पासवर्ड बरोबर निघाला की सर्व्हर एक टोकन देतो. टोकन म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर अ‍ॅप ती `Authorization` या हेडरमध्ये पाठवत राहतं. आता गुण दिसतात.

या टोकनाची मुदत पंधरा मिनिटांची आहे असं धरू. विसाव्या मिनिटाला तिनं पुन्हा गुण उघडले, तर सर्व्हर असं उत्तर देईल:

```
HTTP/1.1 401 Unauthorized
WWW-Authenticate: Bearer error="invalid_token"
```

दुसरी ओळ महत्त्वाची आहे. ४०१ पाठवताना `WWW-Authenticate` हे हेडर जोडणं नियमानं सक्तीचं आहे. कोणत्या पद्धतीनं ओळख पटवायची, हे सर्व्हर त्यात सांगतो. इथे तो म्हणतो आहे की टोकन हवं, आणि पाठवलेलं टोकन चालणार नाही. अ‍ॅपकडे नवं टोकन मिळवण्याची सोय असते. ते गुपचूप नवं टोकन आणतं, तीच विनंती पुन्हा पाठवतं आणि गुण दिसतात. मध्ये काही घडलं याचा त्या मुलीला पत्ताही लागत नाही.

आता तिनं पत्त्यातला ११८ खोडून ११९ लिहिलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी गुण मागितले. टोकन ताजं आहे, ती कोण हे सर्व्हरला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच उत्तर ४०३. मुंबईच्या लोकलमध्ये पासाची मुदत संपली तर नवा पास काढला की झालं; पण सेकंड क्लासचा पास घेऊन फर्स्ट क्लासच्या डब्यात बसलेल्यानं तोच पास नवा करून आणला, तरी उपयोग नाही. पहिला प्रसंग ४०१चा, दुसरा ४०३चा. ४०३ आल्यावर तीच ओळख घेऊन आपोआप पुन्हा विनंती करू नये, असं नियमच सांगतो. अ‍ॅपनं तिथे थांबावं आणि परवानगी नसल्याचं स्पष्ट सांगावं.

सर्व्हर लिहिणाऱ्यानं या दोघांची अदलाबदल केली तर काय होतं? ११९च्या विनंतीला त्यानं ४०१ दिला असं समजा. अ‍ॅप नवं टोकन आणेल, पुन्हा विचारेल, पुन्हा ४०१ येईल, पुन्हा नवं टोकन. हे चक्र थांबवायची तजवीज केलेली नसेल तर सर्व्हरवर विनंत्यांचा भडिमार होतो. तजवीज असेल तरी शेवटी अ‍ॅप तिला लॉगआउट करतं. ती पासवर्ड बदलून पाहते, तरी तेच.

उलटी चूक अधिक छळते. मुदत संपलेल्या टोकनाला ४०३ मिळाला, तर अ‍ॅप नवं टोकन आणतच नाही. गुण भरत बसलेल्या प्राध्यापकाला मध्येच ‘परवानगी नाही’ असं दिसतं. तो कार्यालयात विचारतो. तिथले लोक त्याच्या नावापुढचे हक्क तपासतात, ते तर जागच्या जागी असतात. अशा वेळी खूण एकच: बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्यावर काम सुरळीत झालं, तर तिथे ४०१ यायला हवा होता.

ही चूक नेहमी निष्काळजीपणातून होते असं नाही. ‘जँगो रेस्ट फ्रेमवर्क’ या लोकप्रिय साधनात ओळख पटवण्याची पहिली पद्धत कुकीवर चालणाऱ्या सेशनची ठेवली, तर लॉगिन न केलेल्यालाही ४०३ मिळतो. कारण साधं आहे. ४०१ सोबत `WWW-Authenticate` हवंच, आणि सेशनच्या या पद्धतीकडे त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅमर हक्कांच्या यादीत दोष शोधत बसतो.

प्रत्येक ४०३ मागे लॉगिन असतंच असंही नाही. ठरावीक नेटवर्कबाहेरून आलेली विनंती, किंवा सर्व्हरलाच वाचायची मुभा नसलेली फाइल, यांनाही ४०३ मिळतो. कुणीही लॉगिन केलं तरी तिथे फरक पडणार नसतो.

एक प्रश्न मात्र नाजूक आहे. ११९ला ४०३ आणि नसलेल्या ९९९ला ४०४ मिळत असेल, तर कोणते क्रमांक अस्तित्वात आहेत हे नुसत्या उत्तरांवरून ताडता येतं. निकालाच्या बाबतीत त्यानं फारसं बिघडत नाही, पण एखाद्या गोपनीय फाइलचं असणंच लपवायचं असेल तर बिघडतं. अशा ठिकाणी ४०३ऐवजी ४०४ द्यायला नियमाची मुभा आहे. गिटहब आपल्या खासगी रिपॉझिटरींसाठी हेच करतं: हक्क नसलेल्याला तिथे ‘असं काही सापडलं नाही’ एवढंच कळतं.

सर्व्हर लिहिताना म्हणून दोन तपासण्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि याच क्रमानं. आधी विचारावं: हा कोण? उत्तर मिळालं नाही तर ४०१. मग: याला हे करता येतं का? नाही तर ४०३, किंवा लपवायचं असेल तर ४०४. शंका आली तर स्वतःला विचारावं, याच माणसानं आत्ता नव्यानं लॉगिन केलं तर माझं उत्तर बदलेल का? बदलणार असेल तर ४०१, नसेल तर ४०३. वापरणाऱ्यालाही हेच लागू पडतं. ४०१ दिसला तर पुन्हा लॉगिन करावं. ४०३ दिसला तर पासवर्डशी झटापट न करता, तो हक्क देऊ शकणाऱ्या माणसाला गाठावं.