नऊशे रुपयांचा फरक

अकरावी वाणिज्यच्या एका विद्यार्थिनीने खातेवहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि त्यांवरून तेरीज मांडली.

नावे बाजू: रोख 18,500, खरेदी 42,000, फर्निचर 15,000, ऋणको 21,600, भाडे 6,300, पगार 6,000.
जमा बाजू: भांडवल 50,000, विक्री 45,500, धनको 10,600, खरेदी परत 1,500, विक्री परत 900.

नावेची बेरीज आली 1,09,400 आणि जमेची 1,08,500. नावे बाजू 900 ने जड.

बेरजा पुन्हा केल्या, त्या बरोबर होत्या. नेमकी 900 ची बाकी यादीत दिसते, म्हणून तिच्यावर संशय जातो. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला बसली तर फरक तिच्या दुप्पट पडतो. म्हणजे इथे 450 ची बाकी शोधायला हवी, आणि तशी एकही नाही. फरकाला नऊने भाग जातो, तेव्हा आकड्यांची अदलाबदल झाली असेल. पण 900 चा फरक पाडणारी जोडीही यादीत सापडत नाही. असे झाले की चुका एकाहून जास्त आहेत असे समजावे आणि प्रत्येक खात्याची बाजू तपासावी.

विक्री परत म्हणजे गिऱ्हाइकाने परत केलेला माल. त्याची बाकी नावे असते, इथे ती जमेला बसली आहे. ती हलवल्यावर नावे 1,10,300 आणि जमा 1,07,600 होते. फरक कमी व्हायचा तो वाढून 2,700 झाला, तरी हे पाऊल बरोबरच आहे. पहिली चूक दुसरीला अर्धवट झाकत होती.

आता 2,700 भागिले 9 म्हणजे 300. याचा अर्थ हजार आणि शतक या शेजारच्या स्थानांवर तीनचे अंतर असलेले आकडे उलटले असावेत. तशा बाक्या दोनच, रोख 18,500 आणि भाडे 6,300. फोटो मोठा करून पाहिला तर रोख खात्याची बाकी बरोबर निघते. भाड्याच्या खात्यात मात्र 1,200 च्या तीन नोंदी आहेत, म्हणजे बाकी 3,600. ती सुधारली की दोन्ही बाजू 1,07,600 वर जुळतात. बाकीचा अंक फोटोत पुसट दिसत असेल, तर तो अंदाजाने न वाचता खात्यातल्या नोंदींवरून असाच काढावा.

तेरीज जुळली, तरी एक चूक शिल्लक होती. खरेदी खात्यात ‘दुकानासाठी टेबल 2,000’ अशी नोंद आहे. हे टेबल विकण्यासाठी घेतलेले नाही, त्यामुळे ती रक्कम फर्निचर खात्यात हवी. दोन्ही खाती नावे बाजूचीच असल्याने बेरजेत फरक पडत नाही आणि तेरीज ही चूक कधीच दाखवत नाही. खरेदी 40,000 आणि फर्निचर 17,000 केले नाही, तर नफा 2,000 ने कमी दिसेल. म्हणून बेरजा जुळल्यावरही खरेदी खात्यातल्या नोंदींचा तपशील एकदा वाचावाच लागतो.