वीस हजारांची शिल्लक आणि वर्गणीवाढ

क्रीडा मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त हात वर करून मंजूर होते, चिटणीस अहवाल वाचतात आणि मग खजिनदार उभे राहतात. छापील ताळेबंद प्रत्येकाच्या हातात असतो, पण तो उघडून पाहणारे थोडेच. वर्गणीवाढीचा प्रस्ताव असेल, तर मात्र सगळे पहिल्यांदा शेवटची ओळ पाहतात आणि तिथे शिल्लक दिसली की प्रश्न येतोच : ‘पैसे उरले आहेत, मग वाढ कशाला?’ खजिनदाराचे सगळे भाषण या एका प्रश्नाचे उत्तर असते. ते नीट दिले गेले तर सभा निर्णयापर्यंत पोहोचते. नाही तर विषय पुढच्या वर्षावर जातो आणि मंडळ आणखी एक वर्ष मागे पडते.

एक पथ्य सभेच्या आधीच पाळावे लागते. वर्गणीवाढ हा विषय सभेच्या सूचनेत, विषयपत्रिकेवर, आकड्यासह छापलेला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात तो घुसवला, तर न आलेले सभासद योग्य कारणाने हरकत घेतात. वर्गणी ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा की कार्यकारी मंडळाचा, हे संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते. ते कलम खजिनदाराने भाषणाआधी वाचलेले असावे.

आता एक उदाहरण घेऊ. दोन बॅडमिंटन कोर्टांचे एक कल्पित मंडळ. तीनशे सभासद. त्यांपैकी १८० जण दरवर्षी ३,००० रुपये वर्गणी भरतात आणि १२० जण आजीव सभासद आहेत. वर्गणीचे ५ लाख ४० हजार, कोर्टभाड्याचे २ लाख ४० हजार आणि मुदत ठेवीवरचे व्याज १ लाख २६ हजार, असे ९ लाख ६ हजार रुपये जमा होतात. खर्च ८ लाख ८६ हजार. त्यातला मोठा वाटा रखवालदार आणि सफाई कामगारांच्या पगाराचा, त्याखालोखाल विजेचा. हे दोन मिळूनच ६ लाख ३६ हजार होतात. वर्षअखेरीस उरले २० हजार.

पण कोर्टावरची मॅट या हिशेबात कुठेच नाही. ती बदलायला ९ लाख रुपये लागतील आणि ती सहा वर्षे टिकेल असे धरले, तर दरवर्षी दीड लाख बाजूला पडायला हवेत. लेखापरीक्षक मॅटवर घसारा लावतात हे खरे. पण ती पुस्तकातली नोंद असते. तेवढे पैसे बँकेत वेगळे जमा होत नाहीत. दीड लाख धरले की २० हजारांच्या शिलकीच्या जागी १ लाख ३० हजारांची तूट दिसते. म्हणून चांगला खजिनदार भाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो : “वीस हजार उरले, हे खरं आहे. पण ते मॅटचे पैसे बाजूला न टाकता उरले आहेत.”

हे कागदावर पटत नसेल तर कोर्टावर जाऊन पाहावे. मॅट पहिल्यांदा झिजते ती सर्व्हिस रेषेच्या आसपास. नेटजवळचे ड्रॉप उचलायला पुढचा पाय जिथे जोरात टेकतो, तिथला खरखरीत पोत गुळगुळीत होऊन चकाकायला लागतो. मग दोन पट्ट्यांमधला सांधा उचलला जातो आणि त्यावर चिकटपट्टी लागते. पाय सरकायला लागला की घोटे मुरगळतात. सभेआधी आठवडाभर तो सांधा चार सभासदांना दाखवला, तर मॅटचा आकडा सभेत समजावत बसावे लागत नाही.

पुढचा भाग येत्या वर्षाचा. पगार आणि वीज दहा टक्क्यांनी वाढतील असे धरले तर साधारण ६४ हजार जास्त लागतील. आधीची तूट त्यात मिळवली की १ लाख ९४ हजार होतात. १८० जणांत वाटले तर प्रत्येकी सुमारे १,०८० रुपये. म्हणजे वर्गणी ४,१०० केली की काम झाले, असे वाटते. बहुतेक प्रस्ताव इथेच चुकतात, कारण वाढ झाल्यावर काही सभासद सोडून जातात. दहा जण गेले तर १७० जणांचे ६ लाख ९७ हजारच येतील आणि ३७ हजार पुन्हा कमी पडतील. म्हणून प्रस्ताव ४,३०० रुपयांचा हवा. गळती धरूनच आकडा काढला आहे, हेही सभेला सांगावे. शिवाय एक मर्यादा सांगावी : ५४ जण सोडून गेले, तर वाढीव दरानेही आजच्याइतकीच वर्गणी जमेल आणि वाढ फुकट जाईल. ही मर्यादा खजिनदाराने स्वतःहून सांगितली की सभासदांचा आकड्यांवर विश्वास बसतो.

या टप्प्यावर कोणीतरी सुचवतेच : ‘वर्गणी वाढवू नका, पंधरा हजार घेऊन आणखी दहा आजीव सभासद करा, दीड लाख उभे राहतील.’ सूचना सोपी वाटते, पण ती मंडळाला सर्वांत महाग पडते. आजीव सभासदत्वाची रक्कम चालू खर्चाची नसते. ती कायम निधीत जाते आणि वापरायचे ते फक्त तिचे व्याज. सात टक्क्यांनी १५ हजारांवर वर्षाला १,०५० रुपये मिळतात. तोच खेळाडू वार्षिक सभासद राहिला असता तर ३,००० आले असते. मुद्दल खर्च केले, तर ते १,०५० सुद्धा जातात आणि तो मात्र आयुष्यभर कोर्ट वापरणार असतो. जुन्या आजीव सभासदांकडून घटनेत तरतूद नसताना वर्गणी मागता येत नाही. पण नव्यांसाठीची रक्कम वाढवता येते. तोही ठराव याच सभेत मांडणे शहाणपणाचे, नाही तर वार्षिक वर्गणी वाढली की लोक स्वस्त पडलेल्या आजीव सभासदत्वाकडे वळतात.

काटकसरीच्या सूचनांना खजिनदाराने तयार राहावे. प्रत्येक सूचनेपुढे रुपयांचा आकडा ठेवला की चर्चा भरकटत नाही. दुपारी रिकामे राहणारे कोर्ट शाळेच्या बॅचला दिले तर किती मिळतील, वार्षिक स्पर्धा प्रायोजकाच्या पैशांतून केली तर किती वाचतील, हे आधीच काढलेले हवे. त्यातून वाढ कमी होत असेल तर तसे मोकळेपणाने मान्य करावे. विद्यार्थ्यांना आणि निवृत्तांना सवलत द्यायची असेल, तर तिचा भार बाकीच्यांवर प्रत्येकी किती पडेल, हेही त्याच दमात सांगावे.

वाढ कधीपासून, हाही प्रश्न असतो. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि लेखापरीक्षण होऊन सभा भरेपर्यंत अनेक मंडळांत पावसाळा सरत आलेला असतो. चालू वर्षाची वर्गणी बहुतेकांनी भरलेली असते. म्हणून वाढ पुढच्या १ एप्रिलपासून लागू करणे सरळ आणि न्याय्य.

शेवटी ठराव. त्यात नुसता नवा दर लिहून भागत नाही. ‘वार्षिक वर्गणी ३,००० वरून ४,३०० रुपये करण्यात यावी. वाढीव रकमेतून दरवर्षी दीड लाख रुपये मॅट निधी या स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवावेत आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय ते अन्य कामासाठी वापरू नयेत’, असा पूर्ण मजकूर सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह इतिवृत्तात जायला हवा. यातले दुसरे वाक्य राहून गेले, तर वाढीव पैसे रंगरंगोटीत आणि समारंभात विरून जातात आणि सहा वर्षांनी मॅटसाठी पुन्हा झोळी घेऊन फिरावे लागते. ते वाक्य असले, तर पुढच्या वर्षी कोणताही सभासद उठून विचारू शकतो, ‘मॅट निधीत किती जमले?’, आणि खजिनदाराला ठेवीची पावती दाखवावी लागते.