झुरळे घालवायची आहेत? फटींमध्ये स्प्रे मारण्याऐवजी जेल का वापरावे

स्वयंपाकघरात झुरळ दिसले की बहुतेक घरांत स्प्रेचा डबा बाहेर येतो. नळी लावून ओट्याखालच्या फटीत, ट्रॉलीच्या मागे, सिंकखाली औषध मारले जाते. थोड्या वेळात दहा-बारा झुरळे उलटी पडलेली दिसतात आणि काम झाल्यासारखे वाटते. पंधरा दिवसांनी झुरळे पुन्हा तितकीच असतात, आणि या वेळी ती बेडरूमच्या कपाटातही दिसू लागतात.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा फक्त किळस येण्याचा प्रश्न राहत नाही. झुरळांची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांतील प्रथिने घरातल्या धुळीत मिसळतात. ज्यांना त्यांची अॅलर्जी असते, त्यांना या धुळीमुळे खोकला, शिंका आणि दम्याचा झटका येऊ शकतो. त्यात स्प्रेच्या वासानेही श्वासनलिकेचा दाह होतो. म्हणजे अशा घरात झुरळही त्रास देते आणि त्यावरचा उपायही. झुरळांचे जेल या दोन्ही बाबतींत अधिक चांगले का ठरते, ते पाहू.

आधी झुरळ ओळखा

स्वयंपाकघरात वर्षभर ठाण मांडून बसणारे झुरळ बहुधा ‘जर्मन झुरळ’ असते. ते लहान, साधारण दीड सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी रंगाचे असते आणि त्याच्या डोक्यामागे दोन काळसर समांतर रेषा असतात. मोरीतून किंवा गटारातून येणारे मोठे, लालसर झुरळ वेगळे. त्याच्यासाठी मोरीला जाळी बसवणे आणि ड्रेनेजच्या भेगा बुजवणे जास्त महत्त्वाचे असते. हा लेख मुख्यतः लहान झुरळाबद्दल आहे.

हे झुरळ दिवसाचा बहुतेक वेळ अरुंद, उबदार आणि ओलसर फटीत घालवते. रात्री बाहेर पडते, पण फार लांब जात नाही. नुकती जन्मलेली पिल्ले तर फटीच्या आसपासच राहतात. मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाशी धरून फिरते. एका डबीत साधारण ३० ते ४० अंडी असतात आणि ती फुटायच्या सुमारास मादी डबी सोडते.

फटीत स्प्रे मारल्यावर काय होते?

घरगुती स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातील औषध असते, उदाहरणार्थ सायपरमेथ्रिन. ज्या झुरळाच्या अंगावर फवारा थेट पडतो, ते लवकर उलटे पडते. अडचण उरलेल्या झुरळांची असते.

या गटातील बरीच औषधे झुरळांना त्रासदायक वाटतात. त्यामुळे ज्यांच्यावर औषध कमी पडते, ती झुरळे ती फट सोडून पळतात आणि दुसरी फट शोधतात. भिंतीतला पाइप, फ्रिजची मागची बाजू, शेजारची खोली, कधी शेजारचे घर. एका ठिकाणचा अड्डा मोडतो आणि त्याचे चार अड्डे होतात.

दुसरे म्हणजे, अंड्यांच्या डबीचे कवच टणक असते. आतल्या अंड्यांपर्यंत औषध सहसा पोहोचत नाही, आणि वाढ पूर्ण होत आली असेल तर मादी मेल्यावरही पिल्ले बाहेर येऊ शकतात.

तिसरे कारण प्रतिकारशक्तीचे. वर्षानुवर्षे एकाच गटातील औषधे वापरल्यामुळे जर्मन झुरळांमध्ये पायरेथ्रॉइडला न जुमानणाऱ्या पिढ्या जगभर तयार झाल्या आहेत. स्प्रेतून जी वाचतात, त्यांचीच संतती वाढते. झुरळांच्या खडूमध्येही बहुधा याच गटातील औषध असते, म्हणून स्प्रे सोडून खडू वापरल्याने विशेष फरक पडत नाही.

या काळात औषध मात्र ओट्यावर, भांड्यांवर आणि हवेत साचत जाते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील घरांमध्ये झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. तिथे खोलीभर औषध सोडणाऱ्या डब्यांची जेलशी तुलना केली होती. ते डबे आणि आपला नळीचा स्प्रे एकच नव्हेत, पण त्यांतील औषधे त्याच गटातील होती. डबे वापरलेल्या घरांत झुरळे कमी झाली नाहीत आणि स्वयंपाकघरातील पृष्ठभागांवर औषधाचा अंश मात्र कित्येक पटींनी वाढला. जेल लावलेल्या घरांत झुरळे कमी झाली.

जेल वेगळे काय करते?

जेल म्हणजे झुरळांना आवडणाऱ्या खाद्यात थोडेसे औषध मिसळलेले आमिष. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेली जेल आपल्याकडे सहज मिळतात. इथे आपण झुरळाला हाकलत नाही. ते स्वतःहून येऊन जेल खाते.

औषधाचा परिणाम लगेच होत नाही, आणि तेच उपयोगी पडते. जेल खाल्लेले झुरळ आपल्या फटीत परत जाते. तिथे त्याच्या विष्ठेतून औषध बाहेर पडते. लहान पिल्ले मोठ्या झुरळांची विष्ठा खाऊन वाढतात. इतर झुरळे मेलेल्या झुरळालाही खातात. त्यामुळे जी पिल्ले जेलपर्यंत कधीच आली नसती, त्यांच्यापर्यंतही औषध पोहोचते. आपला हात किंवा स्प्रेची नळी जिथे पोहोचत नाही, तिथे झुरळच औषध घेऊन जाते.

याचा दम्याशी थेट संबंध दिसून आला आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात दमा असलेल्या मुलांच्या घरी फक्त आमिषाचा वापर करून झुरळे कमी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांना दम्याची लक्षणे असलेले दिवस इतर मुलांपेक्षा कमी आढळले.

एका घराचे उदाहरण

समजा, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षांची दमा असलेली मुलगी आहे आणि दर महिन्याला स्प्रे मारला जातो. या घरात जेल असे वापरता येईल.

*पहिली रात्र:* ओटा आवरून दिवे बंद करावेत. तासाभराने टॉर्च घेऊन पाच मिनिटे पाहावे. समजा २५ झुरळे दिसली. ती कोणत्या बाजूला पळतात, ते लिहून ठेवावे. मिरपुडीसारखे काळे ठिपके जिथे दाट दिसतील, तिथे जवळच त्यांचा अड्डा असतो.

*दुसरा दिवस:* जिथे पूर्वी स्प्रे मारला आहे, त्या जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. तेलकट किंवा औषधाचा वास असलेल्या जागेवर लावलेले जेल झुरळे खात नाहीत. मग मुगाच्या डाळीएवढे ठिपके द्यावेत. कपाटांच्या बिजागऱ्यांजवळ, ट्रॉलीच्या चॅनेलच्या मागे, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला, वॉटर प्युरिफायरच्या मागे. अशा स्वयंपाकघरात २५ ते ३० ठिपके होतील. नेमके प्रमाण ट्यूबवरील सूचनेप्रमाणे ठेवावे. झुरळे लांब जात नसल्यामुळे चार मोठे गोळे लावण्यापेक्षा बरेच लहान ठिपके जास्त उपयोगी पडतात. गॅसच्या शेगडीलगत ठिपका देऊ नये. उष्णतेने तो लवकर सुकतो.

*पहिला आठवडा:* दिवसाही सुस्त किंवा मेलेली झुरळे दिसू लागतील. घाबरून स्प्रे मारू नये, हे जेलचे काम सुरू असल्याचे लक्षण आहे. सातव्या दिवशी ठिपके तपासावेत. संपलेले असतील तर पुन्हा द्यावेत, सुकले असतील तर खरवडून नवे द्यावेत. ज्याला कोणीच तोंड लावलेले नाही, त्याची जागा बदलावी.

*तिसरा-चौथा आठवडा:* टॉर्चने पुन्हा मोजावे. समजा आता सहा दिसली आणि त्यांत बारीक, काळसर पिल्लेच जास्त आहेत. ही नंतर फुटलेल्या अंड्यांतील पिल्ले. जेलचा अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून या वेळी ताजे जेल देणे आवश्यक असते. बरेच जण इथेच थांबतात आणि झुरळे परत येतात.

*आठवा आठवडा:* एखादेच झुरळ दिसत असेल तर उपाय लागू पडला. त्यानंतर महिन्यातून एकदा टॉर्चने पाहणी पुरेशी आहे.

जेलचा उपयोग होत नसेल तर

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जेलच्या जवळ मारलेला स्प्रे, खडू किंवा फिनेल. झुरळे त्या जागेकडे फिरकतच नाहीत. दुसरे कारण म्हणजे रात्रभर पडलेली खरकटी भांडी आणि उघडा कचऱ्याचा डबा. चांगले अन्न समोर असताना जेल कमी खाल्ले जाते.

झुरळे भरपूर आहेत, जागा स्वच्छ आहे, तरी ठिपके जसेच्या तसे आहेत, असे झाले तर जेल बदलावे. काही झुरळांना आमिषातील ग्लुकोज कडू लागते आणि ती ते टाळतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांना १९९० च्या दशकात अशी झुरळे आढळली होती. वेगळे औषध आणि वेगळे खाद्य असलेले जेल आणल्यास फरक पडतो. चाळीत किंवा सोसायटीत भिंती आणि डक्ट सामाईक असतात. तिथे शेजारच्या व वरखालच्या घरांनीही त्याच आठवड्यात जेल लावले नाही, तर झुरळे तिकडून येत राहतात.

काळजी कोणती घ्यावी?

जेलही विषच आहे. फरक इतकाच की ते हवेत उडत नाही आणि अगदी थोडे लागते. मुलांचा किंवा पाळीव प्राण्यांचा हात-तोंड पोहोचेल अशा जागी, तसेच अन्न किंवा भांडी ठेवतो त्या पृष्ठभागावर ते लावू नये. लावल्यावर हात साबणाने धुवावेत. मुलाने जेल खाल्ल्यास उलटी करायला लावू नये. ट्यूब सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेला स्प्रे पोटात गेल्यासही उलटी टाळणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण तो फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

झुरळे मेली तरी त्यांची अॅलर्जी निर्माण करणारी प्रथिने घरात काही महिने राहतात. त्यामुळे झुरळे कमी झाल्यावर कपाटे आणि कोपरे साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावेत. झाडूने कोरडी धूळ उडवू नये. हे काम दमा नसलेल्या व्यक्तीने मास्क लावून करावे आणि जेलचे ठिपके तेवढे पुसू नयेत. या काळात दम्याचा इनहेलर स्वतःहून बंद करू नये. रात्रीचा खोकला किंवा धाप महिना-दोन महिन्यांनीही तशीच राहिली, तर डॉक्टरांना घरातील झुरळांबद्दल आवर्जून सांगावे. अॅलर्जीची तपासणी करायची का, हे त्यावरून ठरवता येते.