दिवाळीचा बोनस आणि पळून गेलेला ठेकेदार: कारखानदाराच्या खिशातून नेमकं काय जातं?

आज दोन प्रश्न एकत्र घेतोय. कामगाराला बोनस कायद्याने कधी द्यावाच लागतो? आणि ठेकेदाराने माणसांचा पगार बुडवला तर तो माझ्या गळ्यात येतो का?

एक उदाहरण धरू. प्लॅस्टिक मोल्डिंगचा कारखाना, 26 कामगार स्वतःच्या हजेरीपटावर, आणि पॅकिंग-लोडिंगची 12 माणसं ठेकेदाराची. हिशेबाचं वर्ष 2024-25, म्हणजे 1965 चा बोनस कायदा.

या कायद्यात बेसिक अधिक महागाई भत्ता महिना 21,000 पर्यंत असेल आणि माणसाने वर्षात किमान 30 दिवस काम केलं असेल, तर तो बोनसला पात्र. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम यात धरत नाहीत. बरेच मालक म्हणतात, "तो दिवाळीआधीच सोडून गेला, त्याला कशाला?" असं चालत नाही. पाच महिने काम करून राजीनामा दिलेल्यालाही त्या पाच महिन्यांचा बोनस मिळतो. हक्क जातो तो फसवणूक, चोरी, तोडफोड किंवा कारखान्यात मारामारी केल्याबद्दल कामावरून काढलं तरच.

खरी चूक होते ती हिशेबात. समजा ऑपरेटरचं बेसिक आणि भत्ता मिळून 18,000. किमान बोनस 8.33 टक्के, पण तो 18,000 वर काढत नाहीत. 7,000 किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त त्यावर काढायचा. अनेकांना फक्त 7,000 आठवतं. त्याने वर्षाचा बोनस येतो साधारण 6,997. किमान वेतन 13,000 आहे असं धरलं, तर खरा आकडा 12,995. एका माणसामागे सहा हजारांची थकबाकी! कामगार युनियनवाले हाच फरक पहिल्यांदा पकडतात.

नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी एक सवलत आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. माल विकायला सुरुवात केल्यापासून पहिली पाच वर्षं, ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षीचा बोनस द्यावा लागतो. त्यानंतर मात्र तोटा असला तरी किमान बोनस चुकत नाही. मुदत हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे मार्चअखेर धरली तर 30 नोव्हेंबर. दिवाळी ही आपली रीत, कायद्याची तारीख नव्हे.

आता ती 12 माणसं. मालकाने ठेकेदाराची बिलं दर महिन्याला चुकवली. ठेकेदाराने दोन महिने पगार दिला नाही आणि फोन बंद केला. 13,000 च्या हिशेबाने 3,12,000 रुपये. मालकाचं म्हणणं, "कंत्राटी कामगार कायदा महाराष्ट्रात 50 माणसांपासून लागू होतो, माझ्याकडे 12 आहेत, मी सुटलो." सुटला नाही हो! त्या कायद्यात मूळ मालकाची जबाबदारी होतीच, पण वेतन प्रदान कायद्याच्या कलम 3 मध्येही 2005 च्या दुरुस्तीने तीच घातली गेली: ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मालकाने द्यायचा. तिथे 50 ची अट नव्हती. बिल आधीच चुकवलं हा बचाव कामगारासमोर टिकत नाही. आधी पगार द्या, मग ठेकेदाराकडून वसूल करा. वसुली किती अवघड, ते पैसे अडकलेल्या कुणालाही विचारा.

बोनसचं काय? जुन्या वेतन कायद्यात असा कायदेशीर बोनस 'वेतना'त धरत नव्हते, म्हणून ठेकेदाराने बुडवलेल्या बोनसवर वाद व्हायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्या कलम 43 मध्ये संहितेखाली देय असलेल्या सगळ्या रकमांची जबाबदारी, मालकाने दिल्या नाहीत तर, आस्थापनेच्या मालकावर येते, आणि बोनस आता त्याच संहितेत आहे. बोनसची वेतनमर्यादा ठरवणं संहितेने सरकारच्या अधिसूचनेवर सोडलंय, तेव्हा 2025-26 चा हिशेब करताना ताजा आकडा सल्लागाराकडून घ्या.

बचाव बिल पास करतानाच करायचा असतो. या महिन्याचं बिल मागच्या महिन्याच्या बँक ट्रान्सफरची यादी आणि पीएफचं चलान पाहूनच सोडा. चलानातली नावं गेटवरच्या हजेरीशी जुळवा. गेटवर 12 आणि चलानात 7 दिसले, तर उरलेल्या पाच जणांना पगार कसा मिळतो ते त्यांनाच विचारा. ठेकेदाराची माणसं तुमच्या सुपरवायझरकडे उचल मागू लागली, तरी समजा की सात तारखेला त्यांच्या खात्यात पैसे आलेले नाहीत. आणि करार करतानाच एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम अनामत ठेवून घ्या. ठेकेदार कुरकुर करेल. करू द्या. वरच्या उदाहरणात ती 1,56,000 होते, म्हणजे बुडालेल्या पैशांपैकी निम्मे तुमच्याच हातात राहिले असते.