वस्तादांचा निरोप आणि मालकाचं भाषण

हॉटेलात निरोप समारंभ सहसा दुपारी तीन-चारला होतो, जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळच्या चहाआधी. मालक उठतो, "हे आमच्या घरचेच" म्हणतो आणि तिथेच अडतो. हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून ते वस्तादांना लागत नाही.

भाषण उभं राहतं ते भट्टीजवळच्या तपशिलांवर. समजा, वस्तादांनी तीस वर्षं मिसळीचा कट सांभाळला. तर मालकाने सांगावं की कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, पण करपू द्यायचं नाही, ही वेळ ते घड्याळावर नव्हे, वासावर ओळखत. थंडीत इडलीचं पीठ फुगायला उशीर लागतो, म्हणून ते आदल्या दिवशी लवकर वाटायला लावत आणि पातेलं भट्टीच्या उबेला ठेवत. हे ऐकताना मागे उभी पोरं माना डोलावतात, कारण त्यांनी त्यावरून बोलणी खाल्लेली असतात.

शाल-श्रीफळ ठीक, पण ग्रॅच्युइटीचा आकडा त्याच दिवशी सांगितलेला बरा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या हॉटेलात तो कायद्याने हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. शेवटचा पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) अठरा हजार असेल, तर त्याला 26 ने भागायचं, 15 ने आणि मग 30 वर्षांनी गुणायचं: सुमारे 3,11,538 रुपये. ते तीस दिवसांत द्यावे लागतात.

मग माईक वस्तादांकडे जातो. बहुतेक वस्ताद दोनच वाक्यं बोलतात, त्यातलं एक उद्याच्या रश्श्याबद्दल असतं.