शेवटच्या क्षणापासून मागे

कारखान्यातली एक उभी टाकी घेऊ. पाणी हव्या त्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर गेलंय आणि ते खाली आणायला तीन मिनिटं आहेत. पातळीतला फरक x, आणि व्हॉल्व्हमुळे ती मिनिटाला जितके सेंटिमीटर बदलते तो वेग u. फरकाला त्याच्या वर्गाइतका दंड, वेगालाही त्याच्या वर्गाइतका. तीन मिनिटांची बेरीज कमीत कमी हवी. वेळ संपल्यावर जो फरक उरेल, त्याला तूर्त दंड नाही.

कुठल्याही क्षणापासून पुढचा कमीत कमी दंड P·x² इतका असतो, आणि व्हॉल्व्हचा नियम u = −P·x असा निघतो. पण P किती? सुरुवातीला ते कुणालाच ठाऊक नसतं. शेवटी मात्र नक्की ठाऊक असतं: वेळच उरलेली नाही, म्हणून P शून्य. हाती असलेलं टोक हे एवढंच, म्हणून हिशेब तिथूनच मागे न्यायचा. त्याचं समीकरण व्हेनिसच्या याकोपो रिकाटी यांच्या नावाने ओळखलं जातं:

−dP/dt = 1 − P²

एका मिनिटाचा दहावा भाग मागे या: P झाला ०.१. आणखी एक पाऊल मागे, ०.१९९. मग ०.२९५. वाढ हळूहळू मंदावते. एक मिनिट उरलेलं असताना P सुमारे ०.७६, तीन मिनिटं उरलेली असताना ०.९९५. म्हणजे सुरुवातीला व्हॉल्व्ह जोरात उघडायचा आणि वेळ संपत आली की हात सैल सोडायचा. पातळीतला फरक १० वरून पहिल्या मिनिटाअखेर ३.७, दुसऱ्याअखेर १.५ आणि शेवटी जवळजवळ १ सेंटिमीटरवर येतो.

हेच समीकरण पुढच्या दिशेने सोडवायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. अंदाजाने सुरुवातीचा P १.००१ धरला तर ३.८ मिनिटांत तो अनंताकडे उधळतो, ०.९९९ धरला तर तेवढ्याच वेळात शून्याखाली जातो, आणि मग व्हॉल्व्ह पातळी आणखी बिघडवू लागतो. उलट्या दिशेने मात्र शेवटी शून्य घ्या की दहा, P १ कडेच येतो. चुका मागे जाताना विरतात, पुढे जाताना फुगतात.

उरलेला १ सेंटिमीटर खटकत असेल तर शेवटच्या फरकावरही दंड लावता येतो. तो दहापट ठेवला की शेवटचा P १० होतो आणि फरक ०.१ सेंटिमीटरच्याही खाली जातो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. अखेरच्या सहा सेकंदांत P साधारण ५ वरून १० वर चढतो, त्यामुळे पातळी मोजणाऱ्या सेन्सरची एका मिलिमीटरची चूकसुद्धा मिनिटाला एक सेंटिमीटरच्या हुकुमात बदलते. सगळं सुरळीत चाललेलं असताना व्हॉल्व्ह अगदी शेवटीच थरथरू लागला, तर आधी हा दंड कमी करून पाहावा.