दोऱ्याने मोजलेली वाट
(लेखांक नववा)

या खेपेस होकायंत्र आणि चुंबकीय उत्तर हा विषय घेण्याचे कबूल केले होते, परंतु मध्यंतरी सातारच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न इतका मुद्द्याचा आहे, की होकायंत्राला आणखी एक आठवडा थांबावे लागेल. या वाचकांनी राजगड ते तोरणा ही डोंगरवाट दाखविणाऱ्या एका पदभ्रमण-नकाशाचे छायाचित्र मोबाइलवर घेतले, ते छापून आणले, त्यावरील तुटक रेषेवर दोरा बसविला आणि दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजली. ती १६.२ सेंटिमीटर भरली. नकाशावर प्रमाण १:५०,००० असे स्पष्ट छापलेले असल्यामुळे, म्हणजे १ सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर धरून, त्यांनी वाटेची लांबी ८.१ किलोमीटर अशी मुकरर केली. परंतु हीच वाट चालून आलेल्या त्यांच्या स्नेह्याच्या मनगटी घड्याळाने, त्याच दोन टोकांच्या दरम्यान, १३.४ किलोमीटरांची नोंद केली होती. पत्रातला प्रश्न असा, की दोरा खोटा की घड्याळ?

वस्तुतः दोरा खोटा नाही. खोटे ठरले आहे ते प्रमाण. ‘१:५०,०००’ हा आकडा मूळ कागदापुरता खरा असतो. त्या कागदाचे छायाचित्र घेतले, ते लहान वा मोठे करून छापले किंवा मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी ताणले, की कागदावरचे सर्व अंतर बदलते आणि तो आकडा मात्र समासात जसाच्या तसा दिसत राहतो. याउलट नकाशाच्या तळाशी काळ्या-पांढऱ्या खणांची जी प्रमाणपट्टी आखलेली असते, ती नकाशाबरोबरच लहान होते आणि त्याच्याबरोबरच मोठी होते. म्हणून छायाचित्रावर काम करणाराने लिखित प्रमाणाकडे पाहूच नये. पट्टी छायाचित्रात आली आहे किंवा नाही, एवढेच आधी पाहावे.

सुदैवाने या वाचकांच्या छायाचित्रात पट्टी आली आहे आणि त्यांनी ते चित्र पत्रासोबत पाठविलेही आहे. मूळ नकाशावर ५ किलोमीटरांची पट्टी १० सेंटिमीटर लांब असावयास हवी. छापील चित्रात ती ६.८ सेंटिमीटर भरते. म्हणजे येथे १ सेंटिमीटर बरोबर सुमारे ७३५ मीटर. खरे तर फूटपट्टीची गरजही नाही. दोऱ्यावर जेथे खूण केली तेथवरचा दोरा उचलून थेट प्रमाणपट्टीवरच अंथरावा. मी तसे करून पाहिले तेव्हा पट्टी दोनदा पूर्ण भरली, म्हणजे १० किलोमीटर झाले, आणि उरलेला तुकडा तिसऱ्या वेळी १.९ किलोमीटरांच्या आसपास थांबला. ८.१ चे ११.९ झाले, तफावतीचा मोठा हिस्सा येथेच वसूल झाला.

पट्टी चित्रात न आल्यासही हताश होण्याचे कारण नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशांच्या रेषा असतात, आणि लगतच्या दोन अक्षांश-रेषांमधले उत्तर-दक्षिण अंतर आपल्याकडे सुमारे ९.२ किलोमीटर असते. पूर्व-पश्चिम अंतर मात्र थोडे कमी, पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात सुमारे ८.८ किलोमीटर, कारण रेखांश-रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. या दोहोंची गल्लत केल्यास उत्तरात चार-साडेचार टक्क्यांचा फरक पडतो.

आता प्रत्यक्ष दोरा लावण्याची रीत. नायलॉनचा दोरा घेऊ नये. तो वळणावर बसत नाही, उसळून सरळ होतो. रबरी धागा तर सर्वथा वर्ज्य, कारण तो हाताच्या ओढीप्रमाणे लांबी बदलतो. शिवणकामाचा साधा सुती दोरा उत्तम, आणि त्यावर मेणबत्तीचा तुकडा एक-दोनदा फिरविला तर तो कागदाला हलका चिकटून राहतो. काही जण दोरा ओला करतात. परंतु घरगुती छपाईची शाई पाण्याने पसरते, तेव्हा तो मार्ग छायाचित्राच्या प्रतीसाठी गैरसोयीचा आहे. दोऱ्याचे एक टोक वाटेच्या आरंभी, म्हणजे येथे राजगडाच्या अळू दरवाजावर, चिकटपट्टीने पक्के करावे. मग डाव्या हाताच्या नखाने दोरा दाबत आणि उजव्या हाताने पुढे सोडत तुटक रेषेच्या मधोमध सरकावे, प्रत्येक ठळक वळणावर टाचणी रोवावी, आणि दुसऱ्या टोकाशी, तोरण्याच्या बुधला माचीपाशी, बारीक लेखणीने दोऱ्यावर खूण करावी. दोरा ओढू नये. तो सैल निजविला आणि मोजताना ताणला, तर वाट वाढते. ताणून लावला आणि सैल मोजला, तर घटते. दोन्ही वेळी ओढ सारखी राहिली म्हणजे या भानगडीतून आपोआप सुटका होते.

मोजणी एकदा करून थांबू नये. एकदा राजगडाकडून, एकदा तोरण्याकडून, अशी निदान दोनदा करावी. दोन उत्तरांत दोन मिलिमीटरांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. या चित्रावर त्याचे सुमारे दीडशे मीटर होतात आणि तेवढी सूट सहज देता येते. फरक याहून पुष्कळ मोठा आला, तर बहुधा एखाद्या वळणावर दोऱ्याने कोपरा कापलेला असतो. ओढ सारखी ठेवली असेल, तर अशा वेळी दोहोंपैकी मोठे उत्तर सत्याच्या जवळचे मानावे, कारण कोपरा कापल्याने लांबी नेहमी कमीच होते, वाढत कधीच नाही.

छायाचित्राचा दुसरा दोष सूक्ष्म आहे. नकाशा टेबलावर पसरलेला आणि छायाचित्र घेणारा खुर्चीत बसलेला असला, म्हणजे नकाशाची खालची बाजू कॅमेऱ्याला जवळ आणि वरची दूर पडते. परिणामी एकाच चित्रात तळाशी एक प्रमाण आणि माथ्याशी दुसरे असा प्रकार होतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे: नकाशाच्या चौकटीची खालची आणि वरची कड मोजावी. आपल्या वाचकांच्या चित्रात खालची कड १८ सेंटिमीटर आणि वरची १७.१ भरली, म्हणजे वर जाताना ५ टक्के आकुंचन. प्रमाणपट्टी अगदी तळाशी आहे, वाट मात्र चित्राच्या साधारण मध्यावरून आडवी गेली आहे. म्हणून वाटेच्या उंचीवर निम्मी, अडीच टक्क्यांची दुरुस्ती धरली, तर तेथे १ सेंटिमीटर बरोबर सुमारे ७५४ मीटर होतात आणि ११.९ चे १२.२ किलोमीटर होतात.

ही दुरुस्ती योग्य की अयोग्य, याचा पडताळा घेण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे. राजगड आणि तोरणा यांच्या सर्वोच्च बिंदूंमधले सरळ अंतर त्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढता येते. ते सुमारे ७.१ किलोमीटर आहे. चित्रावर हे दोन बिंदू ९.४ सेंटिमीटर अंतरावर आहेत. तळच्या पट्टीने हिशेब केला तर ६.९ येतात, दुरुस्त प्रमाणाने ७.१. लिखित प्रमाणाने तर ते अवघे ४.७ किलोमीटर भरले असते, आणि केवळ एवढ्या एका आकड्यावरून १:५०,००० हे प्रमाण या चित्राला लागू नाही, हे दोरा हातात घेण्यापूर्वीच ध्यानात आले असते. ज्यांच्यातील सरळ अंतर ठाऊक आहे अशी दोन ठिकाणे चित्रात शोधून आधी तेवढे मोजावे, असा माझा आग्रह आहे. निम्म्या आकुंचनाची ही युक्ती मात्र आडव्या जाणाऱ्या वाटेपुरतीच चालते. तिरप्या छायाचित्रात उभी अंतरे आडव्यांपेक्षा अधिक दबतात, त्यामुळे खालून वर जाणाऱ्या वाटेचे छायाचित्रच नव्याने घ्यावे: नकाशा सपाट अंथरून, मोबाइल त्याला समांतर धरून, शक्य तेवढ्या उंचीवरून.

पत्रात या वाचकांनी चढाविषयीही शंका काढली आहे. नकाशा सपाट असतो आणि डोंगर उभा, तेव्हा खरी लांबी दोऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक नसेल काय? ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते आणि जवळजवळ प्रत्येक जण तिला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो. ३ किलोमीटरांत ७०० मीटर चढणारी वाट चालणाराचा दम काढते. परंतु काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा हिशेब केला, तर तिची तिरपी लांबी ३.०८ किलोमीटर होते. वाढ केवळ ८० मीटरांची. चढ पायांना आणि वेळेला भारी पडतो, लांबीला नव्हे.

लांबी खरी हरवते ती वळणांत. १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवरील २५ मीटर व्यापते. तेव्हा सोंडेवरून उतरताना वीस-वीस पावलांवर उलटसुलट वळणारी नागमोडी वाट नकाशाकाराला काढताच येत नाही. तो तेथे एक सरळ तुटक रेषा ओढून पुढे जातो, आणि दोरा त्या रेषेशी इमान राखतो. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात अशीच एक गोष्ट आली होती. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली एकच सरहद्द एके ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसरीकडे १,२१४ किलोमीटर अशी नोंदलेली त्याला आढळली. दोन्ही नोंदी प्रामाणिक असू शकतात, कारण मोजणारे माप जितके आखूड, तितकी अधिक वळणे त्यात सापडतात आणि तितकी रेषा लांबत जाते. त्याचा हा अभ्यास त्याच्या मृत्यूनंतर, १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे बेनुआ मँडेलब्रॉट यांनी तो गणितज्ञांसमोर ठळकपणे मांडला.

राजगड-तोरण्याच्या वाटेला हे तंतोतंत लागू पडते. अळू दरवाजाखालचा उतार आणि बुधला माचीखालचा अखेरचा चढ, येथे नकाशावरील रेषा जवळजवळ सरळ आहे, पायाखालची वाट मात्र तशी नाही. मधल्या धारेवर दोन्हींत फारसा भेद नाही. म्हणून सरसकट टक्केवारी न वाढविता, जेथे समोच्च रेषा दाटीने येतात आणि वाट त्यांना काटकोनात छेदताना दिसते, तेवढ्याच तुकड्यांत मी पाचवा हिस्सा अधिक धरतो. हा माझा अजमास आहे, नियम नव्हे. या चित्रावर असे तुकडे एकूण अडीच किलोमीटरांच्या आसपास भरतात. त्यांत अर्धा किलोमीटर वाढविला, तर १२.७ होतात.

उरली घड्याळाची ७०० मीटरांची तफावत. उपग्रहांवरून स्थान घेणारे घड्याळ दर नोंदीत काही मीटर इकडेतिकडे चुकते, आणि मंडळी खिंडीत भाकरी सोडून बसली असताना ते जागच्या जागी पावले मोजत राहते. शिवाय पाणी पाहावयास बाजूला उतरलेले आणि चुकलेल्या फाट्यावरून मागे फिरलेले अंतरही त्यात जमा होते. स्नेह्याने नोंद मुक्कामाच्या वेळी थांबविली होती किंवा नाही, हे या वाचकांनी विचारून कळवावे; आणि नकाशाचे नवे छायाचित्र चारी कडा धरून, वरून घेऊन पाठवावे, म्हणजे दुरुस्त प्रमाणाचे १२.२ कितपत टिकतात ते पुन्हा दोरा लावून पाहता येईल. होकायंत्र पुढील आठवड्यात.